मायना नसलेलं पत्र

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून जो तो मला विचारतोय, ‘अरे, तू मास्क का लावून बसलायस?’ आणि जेवताना कोशिंबीर, चटणी बाजूला ठेवली तेव्हा आमच्या बाकावरच्या मित्राने विचारलं, ‘पथ्य कसलं रे?’ तेव्हा एकदाच सगळ्यांना सांगून टाकतो. माझ्या पोटात तीन किडन्या आहेत. दोन माझ्या, जन्मापासूनच्या, आता निकामी. त्या काढत नाहीत, तशाच ठेवतात. तिसरी उजव्या बाजूला खाली, कमरेच्या हाडाच्या आत बसवलेली आहे, ती दुसऱ्या कुणाची तरी आहे. ती कुणाची, हे मला माहीत नाही. त्या माणसाच्या घरच्यांना मी एक पत्र लिहिलं, त्याबद्दल आज बोलणार आहे.

पत्राबद्दलच का, तर समोर आपल्या मराठीच्या बाई बसल्या आहेत. बाई, आठवीला तुम्ही पत्रलेखन शिकवलंत. उजव्या कोपऱ्यात पत्ता, त्याखाली दिनांक, मग मायना, मग मजकूर, शेवटी ‘कळावे’ आणि सही. वडिलांना ‘तीर्थरूप’, वडीलधाऱ्यांना ‘सा. न. वि. वि.’, मित्राला ‘सप्रेम नमस्कार’. मायना चुकला की तुम्ही पूर्ण एक गुण कापायचात. मला कायम दहापैकी सहा. तर बाई, मला आयुष्यात एकच पत्र असं लिहावं लागलं की ज्यात पत्ता चालत नाही, तारीख चालत नाही, कुणाला लिहितोय ते माहीत नाही आणि खाली सहीसुद्धा करायची नाही. फक्त मजकूर. तो लिहायला मला तीन वर्षं लागली.

आधीचं थोडक्यात सांगतो. रक्तदाबाकडे दुर्लक्ष केलं, किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास डायलिसिस. डाव्या हातावर ही जी फुगलेली शीर दिसते, तो फिश्चुला, तिथे दोन जाड सुया. लोकांना वाटतं सुयांचा त्रास असेल. सुयांची सवय होते. पाण्याची होत नाही. दिवसभरात जेवढी लघवी होईल तेवढं अधिक अर्धा लिटर, एवढंच प्यायचं, असा साधारण हिशोब असतो. माझी लघवी जवळजवळ थांबली होती. म्हणजे चहा, आमटी, ताक सगळं धरून जेमतेम पाऊण लिटर. पुण्याच्या मे महिन्यात. बायको बर्फाचा एक खडा द्यायची, तो मी गालात धरून बसायचो. जास्त प्यायलं की रात्री आडवं झाल्यावर दम लागायचा, मग उशा रचून बसून झोपायचं.

घरात किडनी देण्याजोगं कुणी नव्हतं. म्हणून रुग्णालयामार्फत पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या, म्हणजे झेडटीसीसीच्या यादीत नाव गेलं. आपल्या राज्यात अशी चार केंद्रं आहेत, मुंबई, पुणे, नागपूर आणि संभाजीनगर. एका रात्री फोन आला. कुठल्या साली, कुठल्या महिन्यात, कुठल्या रुग्णालयात, हे मी सांगणार नाही. हे भाषण स्मरणिकेत छापलं जाणार आहे, आणि का सांगत नाही ते पुढे कळेल. एकच सांगतो. फोन आला म्हणजे किडनी मिळाली असं नसतं. एका किडनीसाठी दोघा-तिघांना बोलावतात, कारण माझं रक्त आणि दात्याच्या पेशी यांचं क्रॉसमॅच जुळलं तरच पुढे जाता येतं. माझ्याबरोबर आणखी एक जण त्या बाकावर बसला होता. पहाटे मला आत नेलं आणि त्याला घरी पाठवलं. तो जाताना मला ‘ऑल द बेस्ट’ म्हणाला.

शस्त्रक्रिया झाली. चौथ्या दिवशी लघवीच्या पिशवीकडे बघून मी रडलो, ते जाऊ दे.

घरी आल्यावर आमच्या एका भाच्याने वर्तमानपत्राचं कात्रण आणलं. त्याच आठवड्यातलं. अमुक जिल्ह्यातल्या अमुक गावच्या तरुणाचा अपघात, घरच्यांनी अवयवदान केलं, इतक्या जणांना जीवदान, वर फोटो. आपल्याकडे हा एक विचित्र प्रकार आहे. रुग्णालय तोंड उघडत नाही, फायलीवर नाव नसतं, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात गावासकट छापून येतं. कात्रण मी कपाटात ठेवलं. पण त्या मुलाचा चेहरा डोक्यात बसला. सकाळ-संध्याकाळ नऊच्या गोळ्या घेताना मी मनातल्या मनात त्याला नाव घेऊन सांगायचो, घेतली रे बाबा.

वर्षभराने मी एसटीने त्या गावाला गेलो. बायकोला सांगितलं, कामासाठी चाललोय. स्टँडवर उतरलो तर समोरच फ्लेक्स. ‘प्रथम पुण्यस्मरण’. तोच फोटो. मी टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्याला घर विचारायचं, एवढंच उरलं होतं. पाऊण तास तिथे बसलो आणि परतीच्या गाडीत चढलो. का परतलो ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. भीती वाटली म्हणा.

पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा रुग्णालयाच्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर मॅडमना हे कबूल केलं. त्या चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘तुम्हाला कुणी सांगितलं की ते तेच होते? त्या आठवड्यात एकच दान झालं होतं का?’ नव्हतं. मग म्हणाल्या, ‘समजा तुम्ही दार वाजवलं असतं, आणि त्या आईने तुमच्या पोटावर हात ठेवला असता, आणि ती किडनी तिच्या मुलाची नसतीच, तर?’

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

‘आणि तेच असते तर?’ मी विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं की नावं झाकण्यामागे कारणं आहेत. एक तर पैसा. आपल्याकडे अवयवाच्या बदल्यात काहीही देणं-घेणं हा गुन्हा आहे, आणि ओळख झाली की ‘मुलीच्या शिक्षणाला थोडी मदत’ कुणीतरी मागतं किंवा कुणीतरी आपणहून देतं. दुसरं, जातपात. आणि तिसरं म्हणजे किडनी फेल होते. घरच्यांनी ‘तो तिथे जिवंत आहे’ असं धरून ठेवलेलं असतं. मग त्यांना तो दुसऱ्यांदा गमवावा लागतो.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती मला पटते. 1994 साली इटलीत निकोलस ग्रीन नावाचा सात वर्षांचा अमेरिकन मुलगा आई-वडिलांबरोबर फिरायला गेला असताना दरोडेखोरांच्या गोळीने गेला. त्याचे अवयव आणि डोळ्यांची पारदर्शक पटलं सात इटालियन माणसांना मिळाली. सगळं जगजाहीर होतं, आणि काही महिन्यांनी आई-वडील त्या लोकांना भेटले. पुढे इटलीत कायद्याने ओळखी बंद केल्या, तेव्हा निकोलसचे वडील रेग ग्रीन म्हातारपणीही सांगत राहिले की दोन्ही बाजूंना हवं असेल तर भेटू द्या, आम्हाला त्याने बळच मिळालं. पण त्यात ‘दोन्ही बाजूंना हवं असेल तर’ हे महत्त्वाचं. मी त्या स्टँडवर एकाच बाजूने जाऊन बसलो होतो.

‘पत्र लिहा,’ मॅडम म्हणाल्या. ‘मी वाचीन, नावगाव काढून टाकीन, त्या कुटुंबाला विचारीन. हवं म्हणाले तर पोचवीन. नको म्हणाले तर फायलीत राहील.’

मी हो म्हणालो आणि आणखी दोन वर्षं लिहिलं नाही. वही उघडायची, ‘आपले उपकार’ असं लिहायचं आणि वही मिटायची.

लिहायला लावलं ते एका आकड्याने. माझं क्रिएटिनिन 1.3 असायचं. मुलीचं लग्न होतं. धावपळीत रात्री नऊची टॅक्रोलिमसची गोळी कधी अकराला घेतली, कधी विसरलो, हॉलवर एकदा डबीच घरी राहिली. या गोळ्या शरीराला फसवून ठेवतात, की हा परका अवयव आपलाच आहे. बारा तासांचं अंतर चुकत गेलं की रक्तातलं औषध कमी पडतं आणि शरीर त्या अवयवावर उठतं. गंमत अशी की कळत काहीच नाही. दुखत नाही, ताप नाही, लघवी नीट. मी लग्नात पंगतीत वाढत होतो. महिन्याच्या तपासणीत क्रिएटिनिन 2.1 आलं. बायोप्सी केली. रिजेक्शन. तीन दिवस शिरेतून स्टेरॉईड. आकडा उतरला, पण पहिल्या जागी नाही आला, 1.6 वर थांबला. जे गेलं ते गेलं, आणि ते माझ्या निष्काळजीपणाने गेलं.

त्या तीन रात्री मी एकच हिशोब करत होतो. ही गेली तर पुन्हा डायलिसिस, ते एक वेळ सोसता येईल. पण मग मी त्या लोकांना पत्र कुठल्या तोंडाने लिहिणार?

घरी आल्यावर चार पानं लिहिली आणि मॅडमना दिली. त्यांनी ती माझ्यासमोर वाचली. बाई, तुम्ही लाल शाईने गुण कापायचात तशी त्यांची पेन्सिल चालली.

‘तुमचा मुलगा माझ्यात जिवंत आहे.’ यावर त्या म्हणाल्या, ‘मुलगा कशावरून? मुलगी असेल, आजोबा असतील. आणि जिवंत नाही. ते गेले, हे मान्य करायलाच त्या घराला इतके दिवस लागले असतील.’ ‘देवाने मला तुमच्या रूपाने वाचवलं.’ ‘म्हणजे त्याच देवाने त्यांचं माणूस नेलं, असाच अर्थ होतो. शिवाय त्यांचा देव कुठला, तुम्हाला ठाऊक नाही.’ ‘हे उपकार मी आयुष्यभर जपेन.’ ‘वचन देऊ नका. किडनी किती वर्षं चालेल हे तुमच्या हातात पूर्णपणे नाही.’ ‘काहीही लागलं तर हक्काने सांगा’, खाली माझा फोन नंबर. तो तर त्यांनी खोडून खोडून काढला. रिजेक्शनची मी माफी मागितली होती, अख्खं पान. त्यावर त्या बराच वेळ थांबल्या. म्हणाल्या, ‘हे तुम्हाला हलकं वाटावं म्हणून लिहिलंय. त्यांनी हे ओझं का घ्यायचं?’

मग त्यांनी मला विचारलं, ‘तुम्ही नक्की कशासाठी आभार मानताय?’ मी म्हटलं, किडनीसाठी. त्या म्हणाल्या, ‘किडनी त्यांनी दिली नाही. त्यांनी काय दिलं ते ऐका.’

आपण जेव्हा दहावी झालो तेव्हा आपल्या देशात ब्रेनडेड माणूस कायद्याने मृत नव्हता. तो कायदा 1994 चा, आणि महाराष्ट्रात तो फेब्रुवारी 1995 पासून लागू झाला. त्यानुसार चार डॉक्टर तपासतात. बुबुळावर प्रकाश टाकतात, डोळ्याला कापसाचा बोळा लावतात, घशात नळी हलवून खोकला येतो का बघतात. शेवटी व्हेंटिलेटर सोडवतात, नळीतून नुसता ऑक्सिजन चालू ठेवतात आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर छाती स्वतःहून हलते का, याची वाट बघतात. हलली नाही, तर किमान सहा तासांनी हे सगळं पुन्हा करतात. घरची माणसं बाहेर असतात. त्यांना आत सोडतात तेव्हा व्हेंटिलेटर परत लावलेला असतो. छाती वर-खाली होते. हात गरम असतो. मॉनिटरवर ठोके दिसतात. आणि डॉक्टर सांगतात, गेले. त्या गरम हाताला हात लावून त्यांना फॉर्मवर सही करायची असते. दात्याने आधी कार्ड भरलेलं असो वा नसो, शेवटी विचारतात घरच्यांनाच. एक जण हो म्हणतो, एक काका नको म्हणतो. सही झाल्यावरही कित्येक तास जातात. अपघात असेल तर पोलीस, पंचनामा, शवविच्छेदन. गावाकडे माणसं जमलेली असतात, फोनवर फोन येत असतात, कधी आणताय.

‘मी तुम्हाला फोन केला,’ मॅडम म्हणाल्या, ‘तेव्हा ते लोक त्या जिन्याजवळच्या बाकावर बसलेले होते.’

त्या रात्री पावतीसाठी मी एका जिन्याजवळून दोनदा गेलो होतो. तिथे कुणी बसलं होतं का, मला आठवत नाही. ते माझ्या रुग्णालयात होते की दुसऱ्या, हेही मॅडमनी सांगितलं नाही.

चार पानांची सव्वा पान झाली. मॅडमची परवानगी घेऊन, आणि त्यांनी त्या घरी विचारून घेतल्यावर, ते पत्र वाचतो.

‘नमस्कार.

मी तुम्हाला ओळखत नाही आणि तुम्ही मला. तुमच्या घरातलं माणूस गेलं त्या वेळी तुम्ही जो निर्णय घेतला, त्यामुळे मला एक किडनी मिळाली. हे पत्र लिहायला मी फार उशीर केला. काय लिहावं ते कळत नव्हतं.

तुमच्या माणसाबद्दल मला काही माहिती नाही. वय, नाव, काम, काहीच नाही. त्यामुळे तुमच्या दुःखाबद्दल मी काही बोलू नये, असं वाटतं. पण त्या दिवशी तुम्ही किती तास थांबलात, हे मला नंतर समजलं. हात गरम असताना सही करणं काय असेल, ते मी समजू शकत नाही. मला ते जमलं असतं असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. तुम्हाला कुणी नावं ठेवली असतील, कुणी विचारलं असेल की हे का केलंत. त्यांना सांगायला तुमच्याजवळ काहीतरी असावं, म्हणून माझ्याबद्दल लिहितो.

मी साठीच्या जवळ आलेला माणूस आहे. घरी बायको आणि एक मुलगी. आधी मला आठवड्यातले तीन दिवस मशीनला जोडून घ्यावं लागायचं. आता मी रोज कामावर जातो. मुलीच्या लग्नात सगळी कामं मी स्वतः केली. आधी मला दिवसाला पाऊण लिटर पाणी चालायचं. घरी आल्यावर डॉक्टरांनी उलट दिवसाला तीन लिटर प्यायला सांगितलं. पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघरात उभा राहून तांब्या तोंडाला लावला आणि संपेपर्यंत खाली ठेवला नाही. त्यानंतर रोज सकाळी पहिला तांब्या पिताना तुमची आठवण होते. तुमचं नाव माहीत नसल्यामुळे नुसतीच होते.

या पत्राला उत्तर द्यायलाच हवं असं नाही. वाचवत नसेल तर वाचू नका. तुम्हाला नमस्कार.’

बाई, हे किती गुणांचं झालं ते जेवणानंतर सांगा.

मॅडमनी त्या घरी फोन केला. ‘आत्ता नको,’ असं उत्तर आलं. पत्र फायलीत गेलं. मला वाईट वाटलं, हे खोटं कशाला बोलू. मी रोज फोनकडे बघायचो. मग बघायचं सोडलं. आठ महिन्यांनी त्या घरूनच फोन आला की ते पत्र अजून आहे का. मॅडमनी ते पाठवलं. घरातल्या कुणीतरी ते मोठ्याने वाचून दाखवलं, एवढं मला कळवलं गेलं.

कपाटातलं ते कात्रण मी त्यानंतर काढून टाकलं. तो मुलगा माझा दाता होता का, हे मला अजून माहीत नाही. आता विचारत नाही. त्याच्या घरच्यांनीही त्या दिवशी सही केलीच होती, आणि ती दुसऱ्या कुणाच्या तरी पोटात आहे. त्या माणसाने पत्र लिहिलंय की नाही, कोण जाणे.

दोन महिन्यांपूर्वी मॅडमकडून निरोप आला. पत्र नाही, तोंडी निरोप. त्या घरात एक आजी आहेत. त्यांनी विचारायला सांगितलंय की, तांब्याभर पाणी पितो म्हणतो, तर ते माठातलं पितो का फ्रीजमधलं? फ्रीजमधलं पिऊ नको म्हणावं.

मी उकळून गार केलेलं पाणी माठात ओतून पितो. तसं दुसरं पत्र लिहून परवाच मॅडमकडे दिलंय. अर्धं पान. त्यांनी त्यातलं फक्त एक वाक्य खोडलं. आपल्या मंडईतून माठ कुठल्या दुकानातून आणला, ते मी लिहिलं होतं.